काचेची बांगडी : माप, भरणं आणि जपणं

बांगडीचं माप मनगटावरून नव्हे, तर हाताच्या सर्वांत रुंद भागावरून ठरतं. अंगठा तळव्यात दुमडून करंगळीकडे न्या आणि बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांवरून टेपने घेर मोजा. समजा, तो १९ सेंटिमीटर आला. त्याला ३.१४ ने भागलं की आतला व्यास साधारण ६ सेंटिमीटर निघतो. दुकानात हेच माप ‘दोन सहा’ म्हणून मिळतं, म्हणजे २ इंच आणि वर एक इंचाचे ६ सोळांश. ‘दोन चार’ याहून सुमारे ३ मिलिमीटर लहान, ‘दोन आठ’ तेवढंच मोठं. उन्हाळ्यात किंवा गरोदरपणी हात सुजत असेल, तर एक माप मोठं घ्या.

विकत घेताना प्रत्येक बांगडीच्या सांध्यावरून बोट हलकेच फिरवा. काच जोडलेली ती जागा खरखरीत किंवा तडकलेली असेल, तर बांगडी तिथेच पिचते.

भरताना हाताला साबणाचा फेस लावा आणि हात सैल सोडा. बांगडी एकाच जागी न दाबता दोन्ही बाजूंनी धरून आधी करंगळीकडचा, मग अंगठ्याकडचा सांधा पार करा. अडली तर जोर लावू नका. मागे घेऊन पुन्हा फेस लावा.

काढलेल्या बांगड्या पुसून, पुठ्ठ्याच्या नळीवर ओवून मऊ कापडात गुंडाळा. धातूचे कडे आणि पाटल्या त्यांच्यासोबत ठेवू नका.