पर्जन्यमापकांच्या हद्दी

एखाद्या खोऱ्यात सरासरी किती पाऊस पडला, हे सांगायचे तर सगळ्या पर्जन्यमापकांचे आकडे मिळवून त्यांच्या संख्येने भागणे पुरत नाही. दोन मापके शेजारीशेजारी असतील आणि तिसरे एकटेच मोठा मुलूख सांभाळत असेल, तर तिघांना सारखा मान देणे चूक आहे. अमेरिकेचे हवामानतज्ज्ञ आल्फ्रेड थिसेन यांनी १९११ साली यावर उपाय सुचवला. जमिनीचा प्रत्येक बिंदू त्याला सर्वांत जवळच्या मापकाच्या नावे करायचा आणि ज्याच्या वाट्याला जेवढे क्षेत्र येईल, तेवढे वजन त्याच्या आकड्याला द्यायचे. या हद्दी संगणकाकडून काढून घेण्याची एक अगदी सरळ रीत आहे. आधी सगळी चौकट एकाच मापकाला देऊन टाकायची आणि मग जे त्याचे नाही ते कापत जायचे.

दहा किलोमीटर बाजूचा एक चौरस घेऊ. त्याचा नैर्ऋत्य कोपरा (०,०). पहिला आकडा पूर्वेकडचे अंतर, दुसरा उत्तरेकडचे. हद्द हवी आहे ‘अ’ या मापकाची, ते (४,४) वर आहे. बाकीची मापके त्याच्यापासूनच्या अंतराच्या क्रमाने अशी: ब (२,२), क (८,४), ड (२,८), इ (८,८). सहावे, फ, चौरसाबाहेर (१२,१०) वर आहे. बाहेरचे मापकही जमेस धरावे लागते, कारण आतली काही जमीन त्यालाच जवळची असू शकते.

सुरुवातीला ‘अ’कडे १०० चौरस किलोमीटर आहेत. अ आणि ब यांना जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक काढायचा. शाळेच्या भूमितीत शिकलेलाच. त्याच्यावरचा प्रत्येक बिंदू दोघांपासून सारख्या अंतरावर असतो, त्यामुळे त्याची एक बाजू पूर्ण ‘अ’ची आणि दुसरी पूर्ण ‘ब’ची. इथे तो (६,०) ते (०,६) असा जातो. कोपऱ्यातला १८ चौ. किमीचा त्रिकोण गळतो, उरतात ८२. ‘क’चा दुभाजक ६ किमीवरची उभी रेषा आहे. तिच्या पूर्वेचे सारे जाते आणि ४२ राहतात. ‘ड’चा तिरका छेद आकृती १८.७५ वर आणतो. ‘इ’ फक्त एक टोक छाटते, पाऊण चौ. किमीचे. शेवटी (६,०), (६,६), (५,७), (१,५) हा चौकोन उरतो. क्षेत्रफळ १८.

प्रत्येक काप करताना संगणक आकृतीच्या कडेने एक फेरी मारतो. जो कोपरा ‘अ’ला जवळचा तो ठेवायचा, जो दुसऱ्या मापकाला जवळचा तो टाकायचा. लागोपाठच्या दोन कोपऱ्यांपैकी एक राहणारा आणि एक जाणारा असेल, तर त्यांच्यामधली कड दुभाजकाला जिथे छेदते तो बिंदू नवा कोपरा म्हणून घालायचा. सदरलँड आणि हॉजमन यांची १९७४ची ही छाटणीपद्धत. सरळ रेषेने कापलेली बहिर्वक्र आकृती बहिर्वक्रच राहते, त्यामुळे कितीही काप दिले तरी हद्दीचे दोन तुकडे कधी होत नाहीत.

आता ‘फ’चे काय? मला या रीतीतला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. उरलेल्या चौकोनाचा ‘अ’पासून सर्वांत दूरचा कोपरा (६,०), अंतर सुमारे ४.४७ किमी. ‘फ’ला या हद्दीतला एखादा बिंदू हिरावून घ्यायचा असेल, तर त्या बिंदूपासून त्याचे अंतर ‘अ’पेक्षा कमी, म्हणजे ४.४७च्या आत हवे. मग ‘अ’ ते ‘फ’ हे अंतर ८.९४ हून कमीच असणार. प्रत्यक्षात ते १० आहे. म्हणून ‘फ’चा दुभाजक काढायचीच गरज नाही, आणि यादी अंतराच्या क्रमाने असल्याने त्याच्यापुढच्या एकाही मापकाकडे पाहायला नको. हजारो मापके असली तरी बहुतेकांचे काम थोड्याशा शेजाऱ्यांतच उरकते. काठावरच्या हद्दी मात्र चौकटीच्या कोपऱ्यांपर्यंत लांबतात, तिथे थांबायला वेळ लागतो.

‘अ’वर ५० मिमी पाऊस नोंदला असेल, तर त्याचे वजन ०.१८. चौरसाच्या सरासरीत त्याचा वाटा ९ मिमी.

प्रत्येक हद्द स्वतंत्रपणे निघत असल्याने एक पडताळा आपोआप हाती येतो: सगळ्या क्षेत्रफळांची बेरीज १०० भरली पाहिजे. ती जास्त भरली, तर बहुधा एकच मापक यादीत दोनदा आलेले असते. एकाच जागी असलेल्या दोन नोंदींमध्ये दुभाजकच नसतो, त्या एकमेकींना कापत नाहीत आणि तीच जमीन दोघींच्या नावे लागते. पण अक्षांश-रेखांशांचे अंश किलोमीटर समजून वापरले, तर हा पडताळा गप्प राहतो. महाराष्ट्रात रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा काही किलोमीटरने लहान भरतो, त्यामुळे दुभाजक तिरपे सरकतात आणि बेरीज तरीही चोख येते. अंतरे आधी किलोमीटरमध्ये आणूनच कापायला घ्यावे.

डोंगर तर या बेरजेत कुठेच नसतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि घाटाखालच्या वाईला हजारच्याही आत. या दोघांमधला दुभाजक संगणक दशांश चिन्हापुढच्या बाराव्या अंकापर्यंत अचूक काढील. पाऊस मात्र त्या रेषेपाशी बदलत नाही, तो उतारासोबत कमी होत जातो. अशा जागी मधल्या उतारावर आणखी मापके बसवावी लागतात किंवा समपर्जन्य रेषा काढाव्या लागतात.