सूर्याला ‘ल’ चालत नाही

बांगलादेशाचे पहिले राष्ट्रपती शेख मुजीबुर रहमान आणि महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले. ‘रहमान’ दोन्हीकडे तोच, पण त्याच्याआधी एकीकडे ‘उर’ येतो आणि दुसरीकडे ‘उल’. शेजारी एपीजे अब्दुल कलाम यांचे नाव ठेवले, तर तिथेही ‘उल’च. अरबी उच्चाराच्या कसोटीवर मुजीबुर रहमान आणि अब्दुल कलाम ही दोन नावे बरोबर उतरतात. अब्दुल रहमान मात्र अरबी माणसाच्या तोंडी ‘अब्दुर्रहमान’ होतो. इथे ‘ल’ का टिकत नाही आणि कलामांच्या नावात का टिकतो, याचे उत्तर अरबी वर्णमालेच्या एका विभागणीत आहे. या विभागणीतल्या वर्णांना सूर्यवर्ण आणि चंद्रवर्ण म्हणतात.

आधी ‘अल’विषयी. इंग्रजीत नामाआधी ‘द’ लावून ‘तीच ती ठरावीक वस्तू’ असे सुचवतात, ते काम अरबीत ‘अल’ करतो. मराठीत असे उपपदच नाही. आपण नुसते ‘चंद्र उगवला’ म्हणतो आणि भागते. अरबीत ‘कमर’ म्हणजे चंद्र आणि त्याला उपपद लावले की ‘अल्कमर’. इथवर सरळ आहे. सूर्य म्हणजे ‘शम्स’. त्याला उपपद लावले की ‘अल्शम्स’ व्हायला हवे, पण होते ‘अश्शम्स’. ‘ल’ पुढच्या ‘श’मध्ये विरघळतो आणि ‘श’ दुहेरी होतो. ज्या वर्णांपुढे ‘अल’ची गत शम्ससारखी होते ते सूर्यवर्ण आणि ज्यांच्यापुढे तो कमरसारखा शाबूत राहतो ते चंद्रवर्ण. नावांमागे एवढेच कारण आहे. आकाशाशी किंवा दिवसरात्रीशी त्यांचा संबंध नाही.

अरबीचे वर्ण 28. त्यांत 14 सूर्याचे आणि 14 चंद्राचे. ही यादी विद्यार्थी घोकतात खरी, पण तिचे मर्म जिभेत आहे. ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकते. त, द, न, र, स, श, ज़ यांचे उच्चारही जिभेच्या टोकाने किंवा पुढच्या भागाने तिथेच आसपास होतात. एका जागेवरून त्याच जागेवर जायचे असल्याने जीभ मधला ‘ल’ वगळते आणि थेट पुढच्या वर्णावर जाते. अरबीतले जड उच्चाराचे स, द, त आणि ज़ही याच गटात येतात आणि खुद्द ‘ल’ही. ब, म, फ हे ओठांचे वर्ण, क, ख आणि घशातले वर्ण यांचे स्थान वेगळे असल्यामुळे त्यांच्यापुढे ‘ल’ पूर्ण उच्चारूनच जावे लागते. आठव्या शतकात बसऱ्यात शिकलेला व्याकरणकार सीबवैह याने हा नियम नोंदवून ठेवला आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार शाळेतल्या संधीमुळे ओळखीचा वाटेल. तत् + लीन म्हणजे तल्लीन, उत् + लेख म्हणजे उल्लेख. तिथे ‘त’ पुढच्या ‘ल’सारखा होतो, अरबीत ‘ल’ पुढच्या वर्णासारखा होतो.

आता मराठ्यांच्या इतिहासातली दोन नावे सोडवून पाहू. 1719 साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, तेव्हा गादीवर होता रफीउद्दरजात. ‘रफी’ म्हणजे उंच आणि ‘दरजात’ म्हणजे पायऱ्या, दर्जे. आपला ‘दर्जा’ हा शब्द याच घराण्यातला. मूळ जोडणी ‘रफीउ + अल + दरजात’ अशी आहे. पहिल्या शब्दाच्या शेवटी ‘उ’ हा स्वर असल्याने ‘अल’मधला ‘अ’ गळतो आणि उरतो नुसता ‘ल’. पुढे ‘द’ हा सूर्यवर्ण आहे, म्हणून ‘ल’चाही ‘द’ होतो: रफीउद्दरजात. पालखेडला 1728 मध्ये बाजीरावांनी ज्याला कोंडीत पकडले, तो निजामुल्मुल्क. इथेही ‘निजामु + अल + मुल्क’मधला ‘अ’ गळतो, पण ‘म’ ओठांचा असल्याने ‘ल’ जागेवर राहतो. नूरुद्दीन, शम्सुद्दीन, अलाउद्दीन ही सगळी नावे रफीउद्दरजातच्याच रीतीने बनली आहेत.

गोंधळ होतो तो लिहिताना. उच्चारात ‘ल’ गेला तरी अरबी लिपीत तो लिहावाच लागतो. स्वरचिन्हांसह छापलेल्या मजकुरात चंद्रवर्णाआधीच्या ‘ल’वर एक बारीक गोल असतो, म्हणजे हा ‘ल’ उच्चारायचा. सूर्यवर्णाआधीचा ‘ल’ कोरा असतो आणि पुढच्या वर्णावर दुहेरी उच्चाराची खूण असते. रोजच्या छपाईत मात्र ही चिन्हे नसतात आणि रोमन पाट्यांवर बहुधा सरसकट ‘अल’ लिहितात. दुबईत नोकरीला गेलेला मराठी माणूस ‘अल कुसैस’ आणि ‘अल नहदा’ या दोन्ही पाट्या सारख्याच वाचतो. स्थानिक अरब पहिलीला ‘अल कुसैस’च म्हणतो, दुसरीला ‘अन्नहदा’.

नियमाला कुंपणही आहे. तो फक्त उपपदातल्या ‘ल’ला लागतो, शब्दाच्या मूळ धातूतल्या ‘ल’ला लागत नाही. ‘इल्तका’ म्हणजे तो भेटला. इथे ‘ल’पुढे ‘त’ हा सूर्यवर्ण असूनही ‘ल’ हलत नाही, कारण तो धातूचा आहे. नवशिक्याने नियम ताणून ‘इत्तका’ म्हटले, तर अर्थच बदलतो. ‘इत्तका’ म्हणजे त्याने ईश्वराचे भय बाळगले.

‘ज’चे प्रकरण आणखी गमतीचे आहे. त्याचा उच्चार जिभेच्या पुढच्या भागाने होतो, म्हणजे तो सूर्यवर्ण असायला हवा. पण प्रमाण अरबीत तो चंद्रवर्ण आहे. कारण प्राचीन काळी त्याचा उच्चार ‘ग’च्या जवळ होता. कैरोत आजही ‘ज’ला ‘ग’ म्हणतात. उलट पॅलेस्टाईन आणि सीरियाच्या बोलींत अनेकजण ‘ज’पुढेही ‘ल’ गिळतात: ‘अल्जमल’ म्हणजे उंट, बोलीत ‘इज्जमल’.

अरबी शब्द परभाषांत गेले तेव्हा ते कानाने गेले की कागदाने, याचा मागही या नियमावरून पुष्कळदा लागतो. स्पॅनिशमध्ये तांदूळ म्हणजे ‘अर्रोस’ आणि साखर म्हणजे ‘असूकार’. मूळ अरबी ‘अर्रुज़्ज़’ आणि ‘अस्सुक्कर’. बाजारात जसे ऐकले तसे घेतले, म्हणून ‘ल’ कुठेच नाही. गोव्यात पणजीच्या फोंताइन्यास भागात घरांवर निळ्या-पांढऱ्या फरशीच्या नावपाट्या दिसतात. त्या फरशांचे पोर्तुगीज नाव ‘अझुलेजु’ अरबी ‘अझ्झुलैज’वरून आले आहे. तिथेही ‘झ’ने ‘ल’ गिळला आहे.

ताऱ्यांची नावे मात्र युरोपात अरबी ग्रंथांच्या लॅटिन भाषांतरांतून पोहोचली. भाषांतरकारांनी ‘ल’ लिहिलेला पाहिला आणि तसाच उतरवला. म्हणून आपल्या श्रवण नक्षत्रातला ठळक तारा जगभर ‘अल्तेर’ आहे, तर अरबी उच्चार ‘अत्ताइर’, म्हणजे उडणारा. रोहिणी ‘अल्देबरान’ आहे. अरब तिला ‘अद्दबरान’ म्हणतात, म्हणजे मागून येणारी, कारण आकाशात ती कृत्तिकांच्या मागोमाग उगवते.