वारा पाठीशी असतो तेव्हा

डिसेंबरातली सकाळ, कोकणातला पश्चिमेकडे तोंड असलेला किनारा. काठालगतचं पाणी आरशासारखं स्थिर. पॅडलबोर्डवर पहिल्यांदा उभं राहू पाहणाऱ्याला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला, असं वाटतं. फसगत होते ती इथेच.

शाळेच्या भूगोलात खारे आणि मतलई वारे शिकल्याचं आठवत असेल. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, आणि रात्री जमीन गार झाल्यावर तिच्याकडून समुद्राकडे जातात ते मतलई. हिवाळ्यात मतलई सकाळी उशिरापर्यंत वाहतो. किनाऱ्यावरची माडबनं आणि डोंगर त्याला अडवतात, म्हणून काठाजवळ लाट उठत नाही. आडोसा संपला, की तोच वारा पाण्यावर उतरतो आणि बोर्डाला खोल समुद्राकडे ढकलू लागतो. दुपारचा खारा वारा लाटांनी त्रास देतो, पण निदान किनाऱ्याकडे तरी आणतो. मतलई त्रास न देता दूर नेतो.

बोर्डवर उभा माणूस म्हणजे शिडाची काठी आणि शीड दोन्ही. समजा, नवशिक्या ताशी चार किलोमीटर वेगाने वल्हवतो आणि वारा त्याला ताशी दीड किलोमीटर ढकलतो. जाताना वेग साडेपाच होतो, म्हणजे दहा मिनिटांत तो नऊशे मीटर आत पोचतो. ‘आपल्याला जमतंय’ या आनंदात तो वळतो. आता त्याचा वेग उरतो अडीच, म्हणजे परतायला बावीस मिनिटं. पण आडोशाबाहेर वारा वाढून ताशी तीन किलोमीटर ढकलू लागला, तर वेग उरतो एक आणि वेळ लागतो जवळजवळ तास. तोवर हात दुखून येतात आणि वल्ह्याचे फटके मंदावतात. मग बोर्ड पुढे सरकायचंच थांबतं.

म्हणून उतरण्याआधी एकच प्रश्न विचारावा: मी वल्हवणं थांबवलं, तर वारा मला कुठे नेईल? उत्तर पायाशी असलेल्या पाण्यात शोधू नये. माडांचे शेंडे कुठे झुकलेत ते पाहावं, आणि लांबवर पाण्यावर काळसर खरबरीत पट्टे किंवा पांढरा फेस दिसतो का तेही. हवामानाच्या अंदाजात ‘पूर्वेचा वारा’ म्हणजे पूर्वेकडून येणारा. आपल्या किनाऱ्यावर तो समुद्राकडेच नेणार. अशा दिवशी नवशिक्याने समुद्रात उतरू नये.

मग उतरावं कुठे? खाडीच्या आतल्या भागात, जिथे वाऱ्याने नेलं तरी समोरच्या काठावरच जाऊन लागू. पण खाडीत तोच प्रश्न ओहोटीबद्दलही विचारायचा, कारण ओहोटीचं पाणी मुखाकडून समुद्रात ओढतं. भरतीच्या वेळी, मुखापासून लांब उतरावं. सुरुवात वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने करावी, म्हणजे दमल्यावर परतीला दोन्ही मदत करतात.

या सगळ्यात लीशचं काम काय? माणूस पडला की त्याचं वजन गेलेलं हलकं बोर्ड वाऱ्यावर सुसाट निघतं, आणि पोहून ते गाठणं अवघड. लीशची दोरी बोर्डाला माणसाशी बांधून ठेवते. अडथळे नसलेल्या पाण्यात ती घोट्याला बांधलेली चालते. उतरण्याआधी वेल्क्रो पट्टी आणि बोर्डाकडची गाठ जोराने ओढून पाहावी.

वाहत्या पाण्यात मात्र तीच दोरी जीवघेणी ठरू शकते. नांगरलेल्या होड्या, जेट्टीचे खांब, मासेमारीच्या खुंट्या यांत ती अडकली, तर प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो आणि हात घोट्यापर्यंत पोचत नाही. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समध्ये हॅव्हरफर्डवेस्ट इथे फुगलेल्या नदीत पॅडलबोर्डवरची मंडळी बंधाऱ्यावरून खाली गेली आणि त्यातल्या चौघांचा जीव गेला. अशा पाण्यात नवशिक्याने जाऊच नये. खाडीत लीश कमरेच्या पट्ट्याला असावी. तिची कळ पुढच्या बाजूला हवी, एका झटक्यात सुटणारी. काठावर डोळे मिटून ती दोन-चारदा ओढून पाहावी. अंगात लाइफ जॅकेट तर हवंच.

तरीही वारा बाहेर नेऊ लागलाच, तर लगेच गुडघ्यांवर बसावं. तेवढ्याने वाऱ्याला मिळणारं अंग कमी होतं. तरी भागलं नाही तर पालथं झोपून, वल्हं छातीखाली दाबून, हातांनी पाणी मारावं. तेही जमेना, तर बोर्ड सोडून पोहत निघण्याचा मोह टाळावा. तरंगणारं बोर्ड शोधणाऱ्यांना लांबूनही दिसतं, एकटं डोकं दिसत नाही. जलरोधक पिशवीतला फोन अंगावर असेल, तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ किंवा ११२ लावावा. आणि हे दम संपल्यावर नाही, किनारा जवळ येत नाही असं पहिल्यांदा लक्षात येईल तेव्हाच.