रेषा न छेदणारे हृदय

शाळेच्या पुस्तकातली मानवी हृदयाच्या उभ्या छेदाची आकृती घ्या. चित्र कितीही सुबक असले तरी नावांच्या रेषा एकमेकींना छेदत असतील, तर मुलगा त्रिदली झडपेवरून निघून भलत्याच नावापाशी पोहोचतो. त्यामुळे नावे कुठे बसणार हे चित्र पक्के करण्याआधी ठरवावे लागते.

हृदय समोरून पाहिलेले असते, म्हणून त्याची उजवी बाजू पानावर आपल्या डाव्या हाताला येते. त्या बाजूची पाच नावे पाहू: ऊर्ध्व महाशिरा, उजवे अलिंद, त्रिदली झडप, अधोमहाशिरा आणि उजवे निलय. ती चित्राच्या डावीकडे एकाखाली एक, सारख्या अंतरावर लावायची. पहिली तीन वरून खाली आपसूक क्रमाने बसतात. गोंधळ होतो तो शेवटच्या दोघांत.

अधोमहाशिरा खालून येते, म्हणून तिचे नाव सर्वांत खाली टाकण्याचा मोह होतो. पण चित्रात तिचे कापलेले टोक डाव्या कडेजवळ असते, तर निलयाचा पोकळ भाग आणखी आत आणि थोडा खाली असतो. निलयाचे नाव चौथ्या ओळीत ठेवले, तर त्याची रेषा तिरकी उतरत आत जाते. पाचव्या ओळीतून महाशिरेची रेषा वर चढते, आणि दोघी मध्येच छेदतात. नावांची अदलाबदल करा. महाशिरेची रेषा आता आखूड आणि जवळपास आडवी होते. निलयाची रेषा महाशिरेच्या टोकाखालून सरळ आत शिरते आणि वाटेत दुसऱ्या कुठल्या भागावरून जात नाही.

हा उपाय केवळ हृदयापुरता नाही, त्यामागे शाळेतलीच भूमिती आहे. छेदणाऱ्या दोन रेषा म्हणजे चौकोनाचे दोन कर्ण. कर्णांची बेरीज समोरासमोरच्या दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा नेहमी जास्त असते. म्हणून छेदणाऱ्या दोन रेषांची नावे बदलली की रेषांची एकूण लांबी घटतेच. एखाद्या अदलाबदलीने तिसरीकडे नवा छेद तयार होऊ शकतो, पण तोही याच रीतीने सोडवायचा. लांबी दर वेळी घटत जाते आणि नावे लावण्याचे प्रकार मोजकेच असतात, त्यामुळे काम कुठेतरी संपतेच. मात्र रेषा सरळ हव्यात आणि नावांच्या जागा आधी ठरलेल्या हव्यात.

रेषेचे आतले टोक कडेवर सोडू नये. अलिंदाच्या भिंतीला टेकलेली रेषा भिंतीचे नाव सांगते की आतल्या पोकळीचे, हे कळत नाही. पोकळीसाठी रेषा आत नेऊन बारीक ठिपका द्यावा. झडपेसाठी ती थेट पाकळीला भिडवावी. चित्राची बाह्यरेषा एक पॉइंट जाडीची असेल, तर निर्देशक रेषा अर्धा पॉइंट पुरते. दोन्ही सारख्या जाड झाल्या की रेषा रक्तवाहिनीसारखी भासू लागते.

अक्षरांचा आकार बिघडतो तो बहुधा चित्र लहान करताना. मोठ्या कागदावर १४ पॉइंटमध्ये लिहिलेली नावे चित्रासह ६० टक्क्यांवर आणली, की ८.४ पॉइंट होतात. शेजारची आकृती ४५ टक्क्यांवर आली, तर तिची नावे ६.३ वर जातात आणि जोडाक्षरे बुजतात. म्हणून चित्र आधी छपाईच्या मापाला आणावे, मगच सगळ्या आकृत्यांत एकाच मापाची, समजा ९ पॉइंटची, नावे बसवावीत. ‘आंतरनिलय पटल’ जागेत मावत नसेल तर ते दोन ओळींत तोडावे. अक्षर बारीक करू नये. बारीक नाव वाचणाऱ्याला कमी महत्त्वाचे वाटते, आणि तसे सांगायचा आपला हेतू नसतो.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. रेषा शिरोरेखेच्या उंचीवर येऊन थांबली, तर ती शब्दाचीच लांबलेली शिरोरेखा दिसते. रेषा अक्षराच्या मध्यावर, शिरोरेखेच्या खाली आणावी आणि शब्दाआधी दीड मिलिमीटर मोकळे सोडावेत. ऊर्ध्वमधला रफार आणि खालचे उकार यांना वरखाली जागा लागते, म्हणून दुओळी नावात ओळींमधले अंतरही थोडे वाढवावे लागते.

रेषा पूर्णपणे टाळण्याचाही मार्ग आहे. १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या ग्रे यांच्या शरीररचनेच्या ग्रंथात हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी बरीच नावे थेट अवयवांवरच लिहिली होती. हेच कार्टर पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होते. लांब स्नायूवर किंवा हाडावर ही रीत उत्तम चालते; पण बोटाच्या पेराएवढ्या अलिंदात ‘उजवे अलिंद’ ९ पॉइंटमध्ये लिहिले की आतले काहीच दिसत नाही.

शेवटची तपासणी छापील मापाच्या काळ्यापांढऱ्या प्रतीवर करावी. हृदय न शिकलेल्या कुणाच्या तरी हाती पेन्सिल द्यावी, प्रत्येक नावापासून आत जायला सांगावे आणि पेन्सिल कुठे अडखळते ते पाहावे. निळ्या-तांबड्या रंगांच्या आधाराने सुटणारी रेषा करड्या छटेत अनेकदा हरवते. तिथे रेषेच्या दोन्ही कडांना पांढरी किनार द्यावी.