वीजबिलातला आकडा शेवटच्या पानापर्यंत पोहोचतो का?

समजा, एक सौरऊर्जा कंपनी पुण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीला प्रस्ताव देणार आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं सामाईक वीजबिल कमी करायचं आहे. कच्च्या मसुद्याची पहिली तीन पानं कंपनीच्या वाटचालीची आहेत. मग पॅनेलची वैशिष्ट्यं, मग किंमत. वीजबिलाचा उल्लेख थेट सहाव्या पानावर.

इथे नुसती पानं पुढेमागे करून भागत नाही. वीजबिलातला एक आकडा घ्यावा आणि तो पुढच्या प्रत्येक भागात सापडतो का, ते पाहावं. बिलात महिन्याला सरासरी 1,200 युनिट दिसतात. समस्या एवढीच, आणि ती पहिल्या पानावर याच आकड्यात यायला हवी.

आता उपाय. मसुदा सुचवतो 20 किलोवॉट. आपल्याकडे एक किलोवॉटमागे दिवसाला साधारण 4 युनिट मिळतात, म्हणजे महिन्याला 2,400 युनिट. गरजेच्या दुप्पट! खर्चाच्या पानावर 12 लाख रुपये आहेत. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान मिळतं, ते 3.6 लाख वजा जाता उरले 8.4 लाख. युनिटचा दर 11 रुपये धरून मसुदा महिन्याला 26,400 रुपयांची बचत दाखवतो आणि पावणेतीन वर्षांत पैसे वसूल होतील म्हणतो. पण 1,200 युनिटांवर 13,200 रुपयांपेक्षा जास्त वाचणार तरी कसे? जादा वीज ग्रिडमध्ये जाते आणि वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना बिलाच्या दरापेक्षा बराच कमी दर मिळतो. खरी वसुली पाच वर्षांच्या आसपास. 10 किलोवॉट घेतले, तर 4.2 लाखांत पावणेतीन वर्षांचाच हिशेब प्रामाणिकपणे जमतो. लहान उपाय इथे जास्त पटतो, आणि तोच सुचवायला हवा.

मसुदा ‘बिल शून्य’ही म्हणतो. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. कमिटीत एखादे निवृत्त हिशेबनीस असले, तर या दोन शब्दांवरच सगळा प्रस्ताव अडतो.

जोखमीबद्दल एकच ओळ आहे: ‘सर्व काळजी घेतली जाईल.’ कोण घेणार? अनुदान नंतर जमा होतं, तोवर 10 किलोवॉटसाठीही पूर्ण 6 लाख सोसायटीलाच उभे करावे लागतील; ही गोष्ट खर्चाच्या आकड्यालगतच यावी. पाण्याच्या टाकीची सावली किती वाजता कुठे पडते, पावसाळ्यात उत्पादन किती घटतं, हे उपायाच्या पानावर हवं. गच्चीला भोकं पाडल्यावर गळती झाली तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा, इन्व्हर्टरची हमी संपल्यावर नवा कोण बसवणार, याची उत्तरं शेवटी नावानिशी लिहावीत. ‘गळती झाल्यास पहिली पाच वर्षं दुरुस्ती आमच्या खर्चाने’ हे वाक्य लिहायला कंपनी तयार नसेल, तर मसुदा अजून सोसायटीकडे पाठवण्याजोगा झालेला नाही.