ग्रोमेट बसवलेला कान

ग्रोमेट म्हणजे मधोमध भोक असलेली सिलिकॉनची किंवा टेफ्लॉनची एक चिमुकली नळी. भोकाची रुंदी जेमतेम एक मिलिमीटर. ती कानाच्या पडद्यात बसवली की कानातलं पाणी तिच्यातून बाहेर पडत राहतं, असं बहुतेक पालकांना वाटतं. पण ती बसवतात हवेसाठी. पडद्यामागच्या पोकळीला, म्हणजे मध्यकर्णाला, नाकाच्या मागून एका नळीवाटे हवा मिळते. लहान मुलांत ती नळी आखूड आणि आडवी असते. सततच्या सर्दीने किंवा वाढलेल्या अॅडेनॉइडमुळे ती नीट उघडत नाही, हवा पोहोचत नाही आणि पोकळीत डिंकासारखा चिकट द्रव साठतो. मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली तर ओ देत नाही. तीन महिने झाले तरी द्रव ओसरत नसेल आणि ऐकू कमी येत असेल, तर पडद्याला बारीक छेद देऊन द्रव ओढून घेतात आणि छेद मिटू नये म्हणून नळी बसवतात. डॉ. आर्मस्ट्राँग या अमेरिकी कानतज्ज्ञांनी १९५४ मध्ये प्लास्टिकच्या नळीची ही पद्धत प्रसिद्ध केली. आजही तत्त्व तेच आहे: नाकाकडची वाट बंद असेपर्यंत पडद्यातून हवा द्यायची.

घरी आल्यावर सगळी धास्ती असते ती पाण्याची. पडद्याला भोक आहे, म्हणजे आंघोळीचं पाणी आत जाणार आणि कान फुटणार, हा विचार अगदी स्वाभाविक आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञही वर्षानुवर्षं प्रत्येक मुलाला कानात बोळे घालायला सांगत. मग पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं. ग्रोमेट असलेल्या काही मुलांनी आंघोळीला आणि पोहायला जाताना कानात प्लग घातले, काहींनी घातले नाहीत. २००५ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की कान वाहण्याचा एक प्रसंग टाळायला एका मुलाला सरासरी २.८ वर्षं प्लग वापरावे लागतील. नळी तर बहुधा त्याआधीच गळून पडते! अमेरिकी कानतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये हेच सांगितलं, की सरसकट प्लग नकोत आणि पोहण्यावर बंदीही नको.

याचं कारण साधं आहे. भोक फार बारीक आहे आणि पलीकडे हवा कोंडलेली आहे. स्वच्छ पाणी स्वतःच्या पृष्ठताणामुळे त्या भोकाच्या तोंडाशी अडतं. साबण मात्र हा ताण मोडतो आणि साबणाचं पाणी सहज आत शिरतं. त्यामुळे बादलीतून तांब्याने अंगावर पाणी घेण्यात काही धोका नाही. टबमध्ये फेसाळ पाण्यात डोकं बुडवून लोळणं मात्र टाळावं. शाम्पू लावताना कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोपडून तो कानाच्या तोंडाशी, बाहेरच, बसवला की पुरे. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस कान कोरडा ठेवायला सांगतात. ते किती, हे तुमच्या डॉक्टरांकडूनच विचारून घ्या.

पाण्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते तेलाची. अभ्यंगस्नानाला आजी प्रेमाने कानात कोमट तेलाचे दोन थेंब सोडते. ग्रोमेट असताना ते तेल थेट मध्यकर्णात उतरू शकतं. अंगाला आणि डोक्याला तेल खुशाल चोळा, कानाच्या पाळीलाही लावा. कानात मात्र नको. मळ विरघळवणारं औषध आणि काडीला गुंडाळलेला कापूस, दोन्ही या काळात वर्ज्य.

जलतरण तलावात पृष्ठभागावर पोहायला हरकत नाही. उंचावरून उडी घेतली किंवा खोल बुडी मारली की पाण्याचा दाब वाढतो आणि भोकाशी अडलेलं पाणी आत ढकललं जातं. म्हणून सूर मारणं नको. नदी, विहीर, शेततळं यांचं पाणी जंतूंनी भरलेलं असतं. तिथे उतरायचंच असेल तर सिलिकॉनचे प्लग आणि वर घट्ट पट्टा हवा. पोहून आल्यावर ज्या मुलाचा कान दर वेळी दुखतो किंवा वाहतो, त्याच्यासाठी तलावातही प्लग लागतात. सरसकट नियम नाही, याचा अर्थ हाच.

आता कान वाहण्याबद्दल. समजा, पाच वर्षांच्या एका मुलीला जूनमध्ये ग्रोमेट बसवले. ऑगस्टमध्ये तिला सर्दी झाली. तिसऱ्या दिवशी उशीवर पिवळसर डाग दिसला. ताप नाही, दुखत नाही, ती खेळते आहे. आई घाबरून म्हणते, ‘काल केस धुतले, त्याचंच हे!’ बहुतेक वेळा दोष केस धुण्याचा नसतो. सर्दीचे जंतू नाकामागच्या नळीतून मध्यकर्णात चढलेले असतात. एरवी पू पडद्यामागे कोंडून मुलाने रात्रभर आकांत केला असता. इथे पुवाला बाहेर पडायला वाट आहे, म्हणून ठणका नाही.

उपचार कानात घालायच्या थेंबांचा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात ग्रोमेटमधून कान वाहणाऱ्या मुलांचे तीन गट केले होते. दोन आठवड्यांनी कान अजूनही वाहत असलेली मुलं थेंबांच्या गटात ५ टक्के होती, तोंडावाटे अँटिबायोटिक दिलेल्या गटात ४४ टक्के आणि नुसती वाट पाहिलेल्या गटात ५५ टक्के. थेंबातलं औषध नळीतून थेट जागेवर आणि फार मोठ्या तीव्रतेने पोहोचतं. सिरपमधलं रक्तातून फिरत थोडंसंच येतं. म्हणून मूल एरवी बरं असेल तर अँटिबायोटिक सिरपचा आग्रह धरू नये. थेंब मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेलेच हवेत, सहसा सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनचे. जेन्टामायसिन, निओमायसिन असलेले थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात. म्हणून घरात पडून असलेली जुनी बाटली किंवा दुकानदाराने सहज हातात ठेवलेली बाटली वापरू नये.

थेंब घालण्याची रीतही महत्त्वाची. आधी कानाच्या तोंडाशी आलेला पू ओल्या कापसाने पुसून घ्या. पुवावर पडलेलं औषध आत पोहोचतच नाही, आणि कान बरा न होण्याचं हे एक नेहमीचं कारण असतं. बाटली मुठीत धरून कोमट करा. गार थेंबांनी चक्कर येते. मुलाला कुशीवर झोपवून सांगितलेले थेंब सोडा आणि कानाच्या तोंडापुढचा छोटा उंचवटा बोटाने चार-पाचदा दाबा. त्या पंपाने औषध नळीतून आत उतरतं. मूल म्हणालं, ‘आई, घशात कडू लागतंय,’ तर औषध अगदी योग्य जागी पोहोचलं असं समजा. दोन-तीन मिनिटं त्याच कुशीवर राहू द्या.

स्रावात रक्त दिसलं तर धसका बसतो, पण बहुधा ते नळीभोवती वाढलेल्या नाजूक मांसाचं असतं आणि थेंबांनीच थांबतं. तरी डॉक्टरांना दाखवावं. आठवडाभर थेंब घालूनही कान वाहत असेल तर कान दुर्बिणीखाली साफ करावा लागतो. थेंब सांगितलेल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस चालू ठेवले तर बुरशी वाढते. खाज सुटते, पांढरट किंवा काळे ठिपके असलेला मळ दिसतो. कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलली गेली, चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली किंवा जोराच्या तापासह मूल मलूल पडलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

साध्या ग्रोमेटचा मुक्काम बहुधा सहा महिने ते दीड वर्ष. पडद्याची त्वचा मधून कडेकडे सतत सरकत असते. ती नळीलाही हळूहळू बाहेर ढकलते. सुटलेली नळी मळात अडकून कानाच्या बोगद्यात पडून राहते आणि कधीतरी उशीवर सापडते किंवा नकळत हरवते. मुलाला काही कळत नाही. ती स्वतः ओढून काढायला जाऊ नका. मागे राहिलेलं भोक बहुतेक मुलांत काही आठवड्यांत मिटतं. पडद्यावर कधीकधी पांढरा डाग राहतो, त्याने सहसा ऐकण्यात फरक पडत नाही.

नळी पडली की मात्र हवेची ती वाट बंद होते, आणि नाकामागची नळी तोवर सुधारली नसेल तर द्रव पुन्हा साठतो. म्हणून नळी पडल्याचं कळल्यावर कान दाखवून श्रवणचाचणी करून घ्यायची, मूल नीट ऐकतंय असं वाटत असलं तरी. काही मुलांना दुसऱ्यांदा ग्रोमेट लागतात. मूल चार वर्षांहून मोठं असेल तर त्याच वेळी अॅडेनॉइड काढण्याचा विचार होतो. याउलट दोन-तीन वर्षं उलटूनही नळी पडली नाही, तर थोडी भूल देऊन ती काढून घेतात, कारण ती जितकी रेंगाळते तितकी भोक न मिटण्याची शक्यता वाढते. साध्या नळीनंतर शंभरात एखाद-दोन मुलांचं भोक उरतं. दीर्घ मुदतीच्या ‘टी’ आकाराच्या नळीनंतर हे प्रमाण बरंच जास्त आहे. उरलेलं भोक लगेच शिवायची घाई नसते. मूल मोठं होऊन सर्दीचे दिवस सरले, की पडद्याला ठिगळ लावण्याची शस्त्रक्रिया करता येते.