एका दिवसाचे दोन भाव

नोकरी सोडल्यावर काही दिवसांनी ई-मेलवर एक पान येतं. त्यावर ‘फुल अँड फायनल’ असं लिहिलेलं असतं. डाव्या बाजूला देणी, उजव्या बाजूला कपाती आणि तळाशी एक आकडा. तो आकडा अपेक्षेपेक्षा कमी निघाला की बहुतेक जण एचआरला फोन करतात, ‘सिस्टीमनंच तसं काढलंय’ हे उत्तर ऐकतात आणि नव्या नोकरीच्या गडबडीत विषय सोडून देतात. रिलीव्हिंग लेटर अडकेल ही भीतीही असतेच. पण हा हिशेब ओळीओळीने तपासता येतो आणि त्याबद्दल लेखी विचारताही येतं. कसं, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू.

पुण्यातल्या एका कारखान्यातला अभियंता. महिन्याचा एकूण पगार ६०,००० रुपये, त्यात बेसिक ३०,०००. नोकरी ६ वर्षं ८ महिने. नोटीस ६० दिवसांची, पण ४२ दिवस भरून तो १२ जूनला बाहेर पडला. २० दिवसांची रजा शिल्लक. आयकर सोयीसाठी बाजूला ठेवू.

कंपनीने देणी अशी धरली: १२ दिवसांचा पगार २४,०००, रजेचे २०,००० आणि ग्रॅच्युइटी १,०३,८४६. कपाती अशा: न भरलेल्या १८ दिवसांच्या नोटिशीचे ३६,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६,४८०, लॅपटॉपचे २२,०००, पीएफ १,४४० आणि व्यवसाय कर २००. एकूण कपात ६६,१२०. हाती पडणार ८१,७२६ रुपये.

या पानावर बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही, म्हणून ते बरोबर वाटतं. चूक आहे ती आकडा कुठून आला त्यात. रजेचे २०,००० भागिले २० दिवस, म्हणजे दिवसाला १,००० रुपये. नोटिशीचे ३६,००० भागिले १८ दिवस, म्हणजे दिवसाला २,०००. माणूस तोच, महिना तोच. कंपनीने द्यायचा दिवस बेसिकवर मोजला आणि घ्यायचा दिवस एकूण पगारावर. कोणता भाव खरा, हे नेमणूकपत्रातलं कलम ठरवतं. आपल्या उदाहरणात तिथे ‘नोटिशीऐवजी उरलेल्या दिवसांचे मूळ वेतन’ असं लिहिलं आहे. म्हणजे वसुली १८,००० रुपयांचीच. कलमात ‘एकूण वेतन’ असतं, तर या ओळीवर वाद घालण्यात अर्थ नव्हता. म्हणून पत्र लिहायला बसण्याआधी नेमणूकपत्र काढून ते कलम शब्दन् शब्द वाचावं.

जीएसटीची ओळ तर उभीच राहत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या १७८ क्रमांकाच्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे की नोटीस न भरल्याबद्दलची वसुली ही सेवेची किंमत नाही, त्यामुळे तिच्यावर जीएसटी लागत नाही.

ग्रॅच्युइटीत कंपनीने ६ वर्षं धरली. पण शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त दिवस भरले असतील, तर ते पूर्ण वर्ष मानायचं असतं. ३०,००० ला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, म्हणजे एका वर्षाचे १७,३०८ रुपये. सात वर्षांचे १,२१,१५४. (इथे बेसिक एकूण पगाराच्या निम्मी आहे, म्हणून वेतनाच्या नव्या व्याख्येने फरक पडत नाही. ती निम्म्याहून कमी असेल, तर वेतन किती धरलं तेही विचारायला हवं.)

लॅपटॉप त्याने शेवटच्या दिवशी आयटी विभागाला परत दिला होता आणि सहीची पोचही घेतली होती. पोच नसती तरी नुकसानीची वसुली परस्पर करता येत नाही. कर्मचाऱ्याला आधी बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि वसुली प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असू शकत नाही. हे नियम वेतन संहितेत आहेत. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुन्या वेतन प्रदान कायद्याला महिन्याला २४,००० रुपये वेतनाची मर्यादा होती, त्यामुळे हा अभियंता त्याच्या बाहेर राहिला असता. आता ती मर्यादा नाही. राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं, हे बंधनही आता त्याच्या बाजूला आहे.

सगळ्यांत गंभीर गोष्ट मात्र एका ओळीत दिसत नाही. पगार आणि रजा मिळून होतात ४४,०००. कपात आहे ६६,१२०. मग वरचे २२,१२० आले कुठून? ग्रॅच्युइटीतून. एकाच पानावर एकच बेरीज मांडल्यामुळे ते झाकलं गेलं. ग्रॅच्युइटी रोखायची कारणं कायद्याने मोजकी ठेवली आहेत: मालकाच्या मालमत्तेचं नुकसान, हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा, आणि तेही त्या कारणावरून नोकरीतून काढलं असेल तरच. राजीनामा देणाऱ्याच्या नोटिशीचे पैसे तिच्यातून वळते करण्याची मुभा त्यात नाही.

आता पत्र. ते मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखाला, प्रत वेतन विभागाला, ई-मेलने आणि पोच मिळेल अशा टपालाने. ‘अन्याय’, ‘फसवणूक’ हे शब्द त्यात नकोत. ते आले की पत्र विधी विभागाकडे जातं आणि हिशेब करणाऱ्या माणसाच्या टेबलावर पोचतच नाही. सुरुवात मान्य असलेल्या ओळींपासून करावी:

‘आपल्या विवरणातील १२ दिवसांचे वेतन, रजेचे रोखीकरण, भविष्य निर्वाह निधी व व्यवसाय कर या नोंदी मला मान्य आहेत. खालील चार नोंदींबाबत माझा हिशेब वेगळा येतो.’

मग प्रत्येक वादग्रस्त नोंदीला एक परिच्छेद: तुमचा आकडा, माझा आकडा, फरक, आधार. नमुन्यादाखल:

‘नोटीस वसुली: विवरणात ३६,०००. नेमणूकपत्रातील कलमानुसार मूळ वेतन ३०,००० भागिले ३० गुणिले १८ दिवस, म्हणजे १८,०००. फरक १८,०००. आपण दिवसाचा दर कोणत्या वेतनावर व कोणत्या कलमाखाली धरला, ते कळवावे.’

चारही फरक, म्हणजे १८,०००, ६,४८०, २२,००० आणि १७,३०८, एकत्र केले की ६३,७८८ होतात. त्याच्या हिशेबाने मिळायला हवेत १,४५,५१४. त्यातून कंपनीचे ८१,७२६ वजा केले तरी ६३,७८८ च उरतात. दोन्ही वाटांनी आकडा जुळतो का, हे पत्र पाठवण्यापूर्वी पाहावं. इथे एक रुपयाही हलला तर समोरचा त्याच रुपयावर बोलत बसतो.

शेवटची मागणी नेमकी हवी. ‘हिशेब पुन्हा तपासा’ असं लिहिलं तर ‘तपासला, बरोबर आहे’ असं एका ओळीचं उत्तर येतं. त्याऐवजी प्रत्येक नोंदीचा दर, दिवस, भाजक, लागू कलम आणि पूरक कागद यांसह ओळनिहाय ताळमेळ मागावा, ग्रॅच्युइटीचा हिशेब वेगळ्या पानावर मागावा आणि उत्तरासाठी तारीख द्यावी. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते आणि उशीर झाल्यास व्याज लागतं, याची नोंदही त्याच परिच्छेदात करावी. सोबत नेमणूकपत्राचं ते पान, राजीनाम्याची पोच, शेवटची पगारपत्रक, रजेच्या शिल्लकीचा उतारा आणि लॅपटॉपची पोच. रजेचा उतारा कंपनीच्या पोर्टलवर असेल तर तो नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातच उतरवून ठेवावा. लॉगिन बंद झाल्यावर तो हाती येत नाही.

पत्र गेल्यावर कंपनी बहुधा वाद नसलेली रक्कम खात्यात टाकते आणि सोबत ‘आता काहीही येणे नाही’ असा कागद सहीसाठी पाठवते. पैसे घ्यायला हरकत नाही. त्या कागदावर मात्र सही करू नये. ‘८१,७२६ रुपये अंशतः व माझे हक्क राखून स्वीकारले, उर्वरित ६३,७८८ रुपयांबाबतचे माझे पत्र प्रलंबित आहे’, एवढं लिहून त्याच दिवशी उत्तर पाठवावं. पुढे वेतनाचा दावा आणि ग्रॅच्युइटीचा अर्ज हे दोन वेगळे अर्ज होतात. पत्रातच हे दोन हिशेब वेगळे मांडलेले असले, तर आकडे तसेच उचलून त्या अर्जांत भरता येतात.